ऑफर ‘मिळाली’ आणि ऑफर ‘स्वीकारली’ : पुण्याच्या एचआरला पाठवलेला नकाराचा मेल

इंटरव्ह्यूला नाही म्हणायचं कसं यात मी एकदा चांगलाच पोळलोय, म्हणून यावेळी नीट विचार करून केलं आणि ते जसं झालं तसं लिहितोय. मी सोलापूरचा, अकाउंट्समध्ये सात वर्षं झाली, नवी पेठेत एका डीलरच्या ऑफिसमध्ये जीएसटी रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन, पार्टीची येणी-देणी सगळं बघतो. वर्षभर दुसरीकडं अर्ज टाकत होतो आणि एकाच आठवड्यात दोन ठिकाणाहून आलं, एक इथलंच चिंचोळी एमआयडीसीतलं युनिट आणि एक पुण्याची कंपनी.

चिंचोळीवाल्यांचे दोन राउंड आधीच झालेले. सोमवारी दुपारी फोन आला, तुमचं फायनल झालंय, लेटर पाठवतो. मंगळवारी लेटर आलं पण त्यात पद चुकलेलं, बोलणं झालं होतं सीनियर अकाउंटंटचं आणि लेटरवर नुसतं अकाउंटंट. आकडा बरोबर, जॉइनिंगची तारीख बरोबर, फक्त पद चुकीचं. मी लगेच मेल टाकला की एवढं दुरुस्त करून द्या, ते म्हणले उद्या देतो.

आणि नेमकं बुधवारी सकाळी अकरा वाजता पुण्याचा फोन. कन्सल्टन्सीचा माणूस आधी बोलला, मग कंपनीच्या एचआर मॅडमचा मेल आणि सोबत कॅलेंडरचं इन्व्हाइट, शनिवारी सकाळी साडेअकरा, फेस टू फेस, पॅनेलमध्ये दोघंजण. कन्सल्टन्सीवाला म्हणतो, सर कन्फर्म करू ना? मी त्याला एवढंच सांगितलं की उद्या सकाळपर्यंत नक्की कळवतो. तेव्हा माझ्या हातात दुरुस्त लेटर नव्हतं, मी काहीच स्वीकारलेलं नव्हतं, मग स्वीकारलं म्हणून कसं सांगणार? फोनवरच्या ‘फायनल झालंय’वर विसंबून दुसरं दार बंद करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लेटर हातात यावं, त्यातलं पद, पगार, तारीख आपण वाचावी, सही करून परत पाठवावं, मगच नाही म्हणावं. एक दिवस मागून घेतला तर कुणाला राग येत नाही, फक्त कधी सांगणार ते सांगायचं आणि त्या वेळेला सांगायचंच.

संध्याकाळी सहाला दुरुस्त लेटर आलं. घरी आलो, जेवण झालं, अण्णांना लेटर वाचून दाखवलं, प्रिंट काढून सही केली, स्कॅन करून रात्री साडेनऊला पाठवून दिलं. आईचं मात्र चालूच होतं, शनिवारी हुतात्मानं जाऊन ये की, बघून तरी ये काय म्हणतात, तिकिटाचे पैसे तेवढे जातील. आईचं म्हणणं मनाला लागलं, खोटं कशाला बोलू, पुण्याचा पगार जास्त असणार हे मलाही माहीत होतं.

म्हणून चुलत वहिनींना फोन लावला. त्या पुण्यात एका कंपनीत रिक्रूटमेंटमध्येच आहेत, नऊ वर्षं हेच काम. त्या म्हणल्या, ‘भावजी, तुम्ही सही करून पाठवलंय ना? मग त्या चिंचोळीच्या एचआरनं आत्तापर्यंत दोन नंबरच्या उमेदवाराला नाही म्हणून सांगितलंसुद्धा असेल. आणि पुण्याच्या पॅनेलमधली ती दोन माणसं शनिवारी फक्त यासाठी येणार, त्यात तुमचा तास म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी गेलेला तास. समजा त्यांनी जास्त पैसे दिले, मग काय करणार, सही केलेलं मोडणार?’ मी म्हणलं नाही मोडणार. ‘मग जाऊन काय बघणार?’ माझ्याकडं याला उत्तर नव्हतं. आईला पण तेच सांगितलं, ती काही बोलली नाही पण पटलं असावं, कारण परत विषय काढला नाही.

आता पोळलो होतो ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी अशाच एका इंटरव्ह्यूला मला जायचं नव्हतं, घरचंच कारण होतं, मी आदल्या दिवशी कन्सल्टन्सीच्या माणसाला फोन करून सांगितलं, तो म्हणला ठीक आहे सर. मला वाटलं संपलं. दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला कंपनीच्या एचआरचा फोन, आम्ही थांबलोय, तुम्ही कुठं पोचला? त्या माणसानं पुढं सांगितलंच नव्हतं. मी कितीही म्हणलं की मी कळवलं होतं, लेखी काहीच नाही, दाखवणार काय? नंतर सहा महिन्यांनी त्याच कंपनीत अर्ज टाकला तर फोनवर बाई म्हणल्या, आमच्याकडं तुमच्या नावापुढं आधीचं न कळवता गैरहजर असं दिसतंय. तो अर्ज पुढं सरकला नाही. चूक त्या माणसाची असली तरी नाव माझं खराब झालं, आणि मला त्याचं अजून वाईट वाटतं कारण मी खरंच कळवलं होतं.

वहिनींनी यावेळी त्याचं गणित समजावलं. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते उमेदवार जॉइन झाल्यावर. त्यामुळं उमेदवार नाही म्हणला तरी ते शेवटपर्यंत मनवायला बघतात, कंपनीला लगेच कळवायची त्यांना घाई नसते. सगळेच असं करतात असं नाही पण करणारे आहेत. कंपनीच्या एचआरचं उलट, तिला पॅनेलची वेळ सांभाळायची असते. दोन दिवस आधी कळलं तर यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करून तीच वेळ देता येते, शनिवारी सकाळी कळलं तर तो तास वायाच. आणि त्यांच्या सिस्टीममध्ये दोन वेगळ्या नोंदी असतात, उमेदवारानं अर्ज मागे घेतला ही एक आणि उमेदवार आलाच नाही ही दुसरी. पहिलीनं काही बिघडत नाही. दुसरी राहते.

म्हणून पहिली गोष्ट ठरली, मेलच करायचा, फोन नाही, आणि नवीन मेल नाही तर एचआर मॅडमच्या त्याच इन्व्हाइटच्या मेलला उत्तर, कन्सल्टन्सीवाला सीसीमध्ये होता त्याला तसाच ठेवून, म्हणजे रिप्लाय ऑल. दोघांना एकदम एकच मजकूर. त्याच मेलखाली उत्तर गेलं की पद कुठलं, वेळ कुठली, उमेदवार कोण हे मॅडमना शोधावं लागत नाही.

मग रात्री बसून मजकूर लिहिला. मेल इंग्रजीतच करायचा होता, तिकडचा सगळा व्यवहार इंग्रजीत, पण इथं मराठीतच सांगतो. पहिला मसुदा पंधरा ओळींचा झाला. त्यात अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन, पुण्यातलं घरभाडं, इथं स्वतःचं घर आहे ते, चिंचोळीच्या कंपनीचं नाव, सगळं. आणि मुख्य वाक्य आलं अकराव्या ओळीत, ते पण असं: ‘मला दुसरी एक ऑफर मिळाली आहे त्यामुळे सध्या शनिवारी येणं शक्य होणार नाही.’ मला वाटलं चांगलं नम्र झालंय. वहिनींना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

दहा मिनिटांत त्यांचा फोन. ‘भावजी, हा मेल मला आला असता ना तर मी तुम्हाला पुढच्या बुधवारची वेळ दिली असती.’ मी म्हणलं, अहो मी नाही म्हणलंय की. त्या म्हणल्या कुठं म्हणलाय? ‘सध्या’ लिहिलंय, ‘शनिवारी’ लिहिलंय, म्हणजे शनिवार जमत नाही दुसरा दिवस चालेल असाच अर्थ निघतो. आणि ‘ऑफर मिळाली आहे’ म्हणजे काय? आमच्या कामात ऑफर मिळाली म्हणणारा माणूस अजून मोकळा असतो, तो आकडा वाढवून मागायला आलाय असं आम्ही धरतो, लगेच विचारतो किती मिळालं, आम्ही त्याच्यावर देतो. ‘स्वीकारली’ हा शब्द लिहा. ‘लेखी स्वीकारली’ लिहिलं तर आणखी चांगलं. मिळाली आणि स्वीकारली यात तुम्हाला फरक वाटत नसेल पण वाचणाऱ्याला तेवढ्यावरच ठरवायचं असतं की फाइल बंद करायची का फोन उचलायचा.

हे ऐकून मी खरंच थक्क झालो. सात वर्षं मी पार्टीला पत्रं लिहितोय, ‘बिल मिळालं’ आणि ‘बिल मान्य केलं’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मला झोपेतसुद्धा कळतं, आणि स्वतःच्या बाबतीत मी नेमकं तेच विसरलो.

आणि कारणांचं पण तसंच. त्या म्हणल्या, तुम्ही घरभाडं लिहिलंय, मी म्हणणार आठवड्यातून दोन दिवस घरून करा. वडिलांचं ऑपरेशन लिहिलंय, मी म्हणणार जॉइनिंग महिनाभर पुढं ढकलू. प्रत्येक कारण म्हणजे समोरच्याला सोडवायला दिलेला प्रश्न, आणि तो त्याचं कामच आहे म्हणून तो सोडवायला बसणार. दुसरी ऑफर स्वीकारली हे एकच कारण असं आहे की त्यावर सोडवण्यासारखं काही उरत नाही. कंपनीचं नाव आणि पगार तर काढूनच टाका, बऱ्याच ऑफर लेटरमध्ये पगार बाहेर सांगायचा नाही असं कलम असतं. मी उठून लेटर बघितलं तर खरंच दुसऱ्या पानावर होतं, सही करताना वाचलेलं पण डोक्यात राहिलं नव्हतं.

शेवटी मेल एवढाच राहिला:

‘नमस्कार मॅडम,

शनिवारी सकाळी साडेअकराच्या इंटरव्ह्यूसाठी मला बोलावल्याबद्दल मनापासून आभार. मी दुसऱ्या एका कंपनीची ऑफर काल लेखी स्वीकारली आहे, त्यामुळे मी या इंटरव्ह्यूला येणार नाही.

माझा अर्ज मागे घेतला अशी नोंद करावी आणि ही वेळ दुसऱ्या उमेदवाराला द्यावी ही विनंती.

माझा अर्ज पाहण्यासाठी आपण दोघांनी दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे. या पदासाठी आपल्याला योग्य व्यक्ती मिळो ही सदिच्छा.’

खाली नाव, मोबाइल नंबर. बस.

यातल्या दोन जागांवर आमची थोडी चर्चा झाली. एक म्हणजे मी ‘येऊ शकणार नाही’ लिहिलं होतं, वहिनी म्हणल्या ‘येणार नाही’ करा, मला ते उद्धट वाटत होतं. पण आधी आभार आहेत आणि कारण आहे, त्याच्या मागोमाग ‘येणार नाही’ वाचलं की उद्धट वाटत नाही, स्पष्ट वाटतं, हे मी तीन-चारदा मोठ्यानं वाचून बघितल्यावर पटलं. दुसरी जागा माफीची. मला दोनदा माफी मागायची होती, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. वहिनी म्हणल्या की दोन दिवस आधी कळवताय, माफी कशाची? माफी आदल्या रात्री कळवलं तर. माझं मन तरी मानेना पण शेवटी काढली, आणि त्याऐवजी ‘ही वेळ दुसऱ्या उमेदवाराला द्यावी’ हे वाक्य ठेवलं. मला वाटतं या अख्ख्या मेलमधलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे, कारण त्यात समोरच्या माणसाच्या कामाचा विचार आहे, आणि कुठंतरी माझ्यासारखाच कुणीतरी त्या फोनची वाट बघत असतो.

अजून एक वाक्य मी घालणार होतो, की पुढं काही बदललं तर मी कळवीन. ते वहिनींनी ठामपणे काढायला लावलं. जॉइन व्हायला महिना आहे, माझा नोटीस पिरियड तीस दिवसांचा, त्या महिन्यात ऑफर मागं घेतली जाऊ शकते, तसं होतं कधी कधी, ही भीती खोटी नाही. पण ती मेलमध्ये लिहिली की ‘स्वीकारली’चं परत ‘मिळाली’ होतं. त्या म्हणल्या, तसं झालंच तर याच मेलखाली परत लिहा की परिस्थिती बदललीय, जागा असेल तर विचार करा. ज्यानं आधी वेळेवर आणि नीट कळवलं त्याचा असा मेल आम्ही वाचतो, त्यांच्याकडं एक-दोनदा असं झालंय आणि एकाला घेतलंय सुद्धा.

गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला, ऑफिसला पोचल्यावर खुर्चीत बसून पाठवला. पाठवताना वर दोन्ही पत्ते आहेत का ते बघितलं, मॅडमचं नाव बरोबर आहे का ते बघितलं. मग कॅलेंडरचं इन्व्हाइट उघडून त्यात पण ‘नाही’ दाबलं, कारण मेल पाठवला आणि इन्व्हाइट तसंच ठेवलं तर पॅनेलमधल्या दोघांच्या कॅलेंडरवर माझं नाव तसंच राहतं, त्यांना माझा मेल गेलेला नसतो.

दहा वाजून पाच मिनिटांनी मॅडमचं उत्तर. दोन ओळी. कळवल्याबद्दल आभार, अभिनंदन, आम्ही नोंद केली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी ते उत्तर चार वेळा वाचलं असेल. दोन वर्षांपूर्वीचा तो अकरा चाळीसचा फोन आठवला आणि खूप हलकं वाटलं.

कन्सल्टन्सीवाल्याचा मात्र मेलला जबाब नाही, रात्री आठला फोन. मी नुकताच सात रस्त्याला गाडी लावून भाजी घेत होतो. सर, असं कसं, तुमची प्रोफाइल त्यांना लई आवडली होती. मी म्हणलं धन्यवाद. कुठली कंपनी सर? मी म्हणलं नाव सांगता येणार नाही. किती दिलं तेवढं तरी सांगा, मी वीस टक्के वर काढून देतो. मी म्हणलं, तुम्ही माझ्यासाठी धडपड केलीत त्याबद्दल आभारी आहे पण मी सही करून दिलीय, आकड्याचा प्रश्न नाही. मग म्हणला, नुसता इंटरव्ह्यू देऊन या, नंतर नाही म्हणा, माझी पण बाजू राहील. इथं मला एक क्षण वाईट वाटलं, कारण त्याचंही पोट त्याच्यावर आहे. पण घ्यायची नाही ती नोकरी, तिच्या इंटरव्ह्यूला जाणं म्हणजे पॅनेलला फसवणं, आणि तेच मी त्याला सरळ सांगितलं, आवाज न चढवता, की दादा मी घेणार नसलेल्या नोकरीसाठी त्या दोघांचा तास घेणार नाही, आणि मॅडमनी सकाळीच नोंद केलीय. मॅडमचं उत्तर आलंय म्हणल्यावर तो थांबला. ओके सर, म्हणला आणि ठेवला.

नंतर लक्षात आलं की मॅडमकडून आधी उत्तर आलं होतं म्हणून हा फोन दोन मिनिटांत संपला, नाहीतर तो मला घोळात घेत राहिला असता आणि मी पण कदाचित ‘बघतो’ म्हणलो असतो. ‘बघतो’ हा आपल्या तोंडात बसलेला शब्द आहे, नाही म्हणायचं जिवावर आलं की बघतो, आणि रिक्रूटरला बघतो म्हणजे हो.

त्याच रात्री नोकरीच्या वेबसाइटवर जाऊन प्रोफाइल दिसायचं बंद केलं. ते राहिलं असतं तर असे फोन महिनाभर येत राहिले असते, आणि प्रत्येकाला परत तेच सांगत बसायचं. दोन ठिकाणी अर्ज नुसते पडून होते, त्यांच्याकडून अजून काहीच उत्तर नव्हतं, त्यातल्या एकाच ठिकाणी एचआरशी बोलणं झालेलं म्हणून तिथं वरचाच मेल तीन ओळींत करून पाठवला. दुसरीकडं नुसता अर्ज होता, माणसाशी संबंध नव्हता, तिथं काही पाठवलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर आपोआप जाणारा मेसेज आला, उद्या साडेअकराला तुमचा इंटरव्ह्यू आहे, येताना आधार आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणा. पोटात एकदम गोळा आला, म्हणलं परत तेच होतंय काय. पण यावेळी लेखी होतं. मी त्याला एका ओळीत उत्तर दिलं की मी अर्ज मागे घेतला आहे, गुरुवारी मेलवर कळवलंय, आणि तीच ओळ मॅडमना मेलखाली टाकली. अर्ध्या तासात त्यांचा मेसेज, सिस्टीममधून गेला, दुर्लक्ष करा, वेळ दुसऱ्यांना दिली आहे.

शनिवारी साडेअकराला मी नवी पेठेतच होतो, माझ्या जागी येणाऱ्या मुलाला येण्यांची यादी समजावत होतो. मध्येच घड्याळाकडं लक्ष गेलं. म्हणलं आत्ता तिकडं कुणीतरी बसला असेल पॅनेलसमोर.